तीन दिवसांच्या टूरचं कॉस्टिंग: गाडी, खोल्या आणि मार्जिन

ट्रॅव्हल कंपनीत इंटर्न म्हणून रुजू झालात की पहिल्या काही दिवसांतच कोणीतरी तुमच्यासमोर एक तयार आयटिनररी ठेवतं आणि सांगतं, "हिचं कॉस्टिंग करून दे, संध्याकाळपर्यंत पाहुण्यांना कोटेशन पाठवायचंय." आयटिनररी वाचायला सोपी असते. सकाळी निघायचं, दुपारी पोहोचायचं, दुसऱ्या दिवशी स्थलदर्शन, तिसऱ्या दिवशी परत. त्यातून माणशी किंमत काढायला बसलं की मात्र बहुतेक जण एकच चूक करतात. सगळा खर्च एकाखाली एक लिहितात, बेरीज करतात, डोक्यांनी भागतात आणि वर वीस टक्के चढवतात. दिसायला बरोबर दिसणारा हा हिशोब तीन ठिकाणी फसतो, आणि ही तीन ठिकाणं म्हणजे गाडी, खोल्या आणि ते वीस टक्के.

एक टूर घेऊन सगळा हिशोब करून दाखवते. दोन रात्री, तीन दिवस. शुक्रवारी सकाळी निघायचं, रविवारी रात्री परत. १६ पाहुणे, सोबत आपला एक टूर मॅनेजर, आणि २० आसनी मिनी बस. रकमांपुढे चलन मुद्दामच लिहिलेलं नाही. आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेत, बाजारभाव म्हणून नाही. तुमच्याकडचे दर घाला, पद्धत तीच राहील.

आधी आयटिनररीवर तीन रंग लावा

शीट उघडायच्या आधी आयटिनररीची छापील प्रत घ्या आणि प्रत्येक ओळीला स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा खर्च कशामागे लागतो? गाडीचं भाडं गाडीमागे लागतं, आत दहा जण बसोत की अठरा. खोलीचं भाडं खोलीमागे लागतं. जेवण आणि प्रवेश तिकीट माणशी लागतं. स्थानिक गाइड आणि टूर मॅनेजर यांचा खर्च पूर्ण गटामागे एकदाच लागतो.

मी आजही तीन रंगांचे हायलायटर वापरते. गाडी आणि गटामागचे खर्च एका रंगात, कारण हे दोन्ही माणसं कमीजास्त झाली तरी हलत नाहीत. खोल्या दुसऱ्या रंगात, माणशी खर्च तिसऱ्या. रंग लावताना न लिहिलेल्या गोष्टीही सापडतात. आयटिनररीत "दुपारचं जेवण करून पुढे प्रस्थान" असं असतं, पण ते जेवण आपण देणार की पाहुणे स्वतःचं करणार हे कुठेच नसतं. ज्याने आयटिनररी बनवली त्याला तेव्हाच विचारा. तुम्ही स्वतःच ठरवून टाकलंत तर कोटेशन आणि आयटिनररी दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतात, आणि पाहुणा नेहमी त्याच्या फायद्याची ओळ धरतो.

गाडी: नकाशावरचे किलोमीटर म्हणजे बिलावरचे किलोमीटर नव्हेत

आपल्या टूरमध्ये पहिल्या दिवशी २१० किलोमीटर, दुसऱ्या दिवशी स्थलदर्शनाचे ८० आणि तिसऱ्या दिवशी वेगळ्या रस्त्याने परतीचे २४०. बेरीज ५३०. दर किलोमीटरला ३०. म्हणजे १५,९००, असं वाटतं.

माझ्या पहिल्या कॉस्टिंगमध्ये मी नेमकं हेच केलं होतं. नकाशावर अंतर मोजलं, दराने गुणलं, आकडा दिला, टूर विकली गेली. बिल आलं तेव्हा त्यावर माझ्या आकड्यापेक्षा दीडपटीच्या आसपास रक्कम होती आणि ते बिल अगदी बरोबर होतं. गाडीवाल्याने कोटेशनच्या तळाशी लिहिलेली एक ओळ मी वाचलीच नव्हती: दिवसाला किमान २५० किलोमीटर. तीन दिवसांचे किमान ७५०. गाडी ५३० चालली तरी पैसे ७५० चेच, म्हणजे २२,५००. दुसऱ्या दिवशी गाडी फक्त ८० किलोमीटर फिरली, पण तो दिवस गाडीवाल्याला दुसरीकडे विकता आला नाही. तो किमान आकडा त्यासाठीच असतो.

त्यामुळे गाडीचा दर घेताना पुढच्या गोष्टी लेखी मागवा. दिवसाचे किमान किलोमीटर किती, आणि ते रोजचे रोज मोजतात की पूर्ण टूरचे एकत्र? यात मोठा फरक पडतो. एकत्र मोजत असतील तर एका दिवशी जास्त चालून दुसऱ्या दिवशी कमी चालणं भरून निघतं. रोज वेगळं मोजत असतील तर ३५० किलोमीटरच्या दिवशी जादाचे १०० लागतात आणि ८० किलोमीटरच्या दिवशी २५० चे द्यावेच लागतात. मीटर कुठून सुरू होतो, गाडीच्या गॅरेजपासून की पाहुण्यांना घेतो तिथून? गॅरेज १५ किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन ३० वाढतात. आपल्या उदाहरणात पूर्ण टूरचे एकत्र मोजले तर ते किमान आकड्याच्या आत मावतात, पण लांबच्या टूरला मावणार नाहीत. काही गाडीवाले किलोमीटरवर न जाता दिवसाचं ठोक भाडं सांगतात. तिथे त्या भाड्यात किती किलोमीटर आणि किती तास धरलेत, आणि त्यापुढे काय दर, एवढं विचारलं की झालं.

टूर एका ठिकाणी सुरू होऊन दुसऱ्याच ठिकाणी संपत असेल तर गाडी रिकामी परत येते. त्या रिकाम्या परतीचे पैसे आपल्यालाच द्यावे लागतात. नवख्या माणसाच्या शीटमध्ये ही ओळ जवळपास कधीच नसते.

आता आपल्या गाडीची बेरीज. भाडं २२,५००. चालकाचा भत्ता दिवसाला ५०० प्रमाणे १,५००. चालकाच्या दोन रात्रींची झोपायची सोय १,०००. हॉटेल चालकाला फुकट जागा देतं असं गृहीत धरू नका, विचारा. टोल आणि पार्किंग मिळून २,०००. एकूण २७,०००.

यात गटामागचे खर्च मिळवा. दुसऱ्या दिवसाचा स्थानिक गाइड ३,०००. टूर मॅनेजरचं मानधन ४,५००, त्याच्या एकट्याच्या खोलीचे दोन रात्रींचे ६,२०० आणि त्याचं जेवण व तिकिटं २,५००. टूर मॅनेजर पैसे देत नाही, पण खातो, झोपतो आणि बसमधली एक सीट अडवतो. तो कोणाच्या तरी किमतीत बसवावाच लागतो, आणि तो १६ पाहुण्यांच्या किमतीत बसतो. काही हॉटेलं ठरावीक संख्येच्या गटामागे एक जागा मोफत देतात. हे पत्रात लिहून आलं असेल तरच खर्च कमी धरा. फोनवर "बघू, करून टाकू" म्हणाले असतील तर तो खर्च पूर्ण धरा.

गाडी आणि गट मिळून स्थिर खर्च झाला ४३,२००. सोळा जणांत वाटला तर माणशी २,७००. हा आकडा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

खोल्या: सोळा भागिले दोन बरोबर आठ, पण नेहमीच नाही

हॉटेलकडून दर आला की पहिल्यांदा तो खोलीचा आहे की माणशी आहे ते बघा. दोन्ही पद्धती चालतात आणि ईमेलमध्ये नुसताच आकडा लिहिलेला असतो. मग प्रत्येक रात्रीचा दर वेगळा बघा. आपल्या टूरला शुक्रवारची रात्र ३,२०० आणि शनिवारची ४,०००, कारण शनिवारला वीकेंडचा दर लागतो. एका रात्रीचा दर घेऊन दोनने गुणला तर ८०० चा फरक एका खोलीत, आणि आठ खोल्यांत ६,४०० चा. दरात नाश्ता आहे का, कर धरलेला आहे की वर लागणार, आणि हा दर किती तारखेपर्यंत लागू आहे, हे त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

दोन रात्रींची एक डबल खोली ७,२००. दोघांत वाटली तर माणशी ३,६००. याला ट्विन शेअरिंग म्हणतात आणि जाहिरातीतली किंमत यावरच काढतात. पण प्रत्यक्ष येणारे सोळा जण जोडीजोडीने येत नाहीत. समजा या गटात पाच जोडपी आहेत, तीन मैत्रिणी आहेत ज्यांना एकाच खोलीत राहायचंय, एक आई तिच्या सहा वर्षांच्या मुलासोबत आहे, आणि एक गृहस्थ एकटे आहेत. मोजा, सोळाच आहेत, आणि खोल्याही आठच लागतात. तरी खर्च वेगळा येतो.

पाच जोडप्यांच्या खोल्या ३६,०००. मैत्रिणींची खोली ७,२०० आणि वर एक्स्ट्रा बेड रात्रीला १,२०० प्रमाणे २,४००, मिळून ९,६००. माय-लेकराची खोली ७,२००. एकट्या गृहस्थांची खोली, एकट्या माणसाचा दर थोडा कमी म्हणून, ६,२००. एकूण ५९,०००. सोळा गुणिले ३,६०० केलं असतं तर ५७,६०० आले असते. म्हणजे १,४०० कमी पडले.

कुठे कमी पडले ते बघा. एकट्या गृहस्थांची खोली ६,२०० ची आणि त्यांच्याकडून घेतले ३,६००, तिथे २,६०० ची तूट. मैत्रिणींच्या खोलीत तिघींचे १०,८०० जमा झाले आणि खर्च ९,६००, तिथे १,२०० उरले. म्हणून एकट्या माणसाकडून वेगळी रक्कम घेतात, तिला सिंगल सप्लिमेंट म्हणतात. इथे ती नेट, म्हणजे मार्जिन चढवण्याआधी, २,६००. ती कोटेशनमध्ये पहिल्यापासून छापलेली असावी. बुकिंग झाल्यावर सांगितलं तर एकट्या पाहुण्याला वाटतं की एकटं असण्याचा दंड आकारला, आणि त्याचं वाटणं चूक नसतं.

लहान मुलाच्या किमतीकडे खास लक्ष द्या. बरेच जण "बेडशिवाय मूल" म्हणून खोलीचे पैसे वजा करतात. सोबत दोन पूर्ण पैसे देणारे मोठे असतील तेव्हा हे बरोबर आहे, कारण ती खोली त्या दोघांनी भरलेलीच असते. आपल्या गटात मात्र आई एकटी आहे. मुलाचे ३,६०० वजा केले तर ७,२०० च्या खोलीत फक्त ३,६०० येतात आणि उरलेले कोणीच देत नाही. अशा वेळी मुलाला दुसऱ्या मोठ्या माणसाच्या जागी धरावं लागतं. किंवा आईला एकटीचा खोलीदर आणि मुलाला खोलीशिवायचा दर द्यावा लागतो. आणि मूल बेड घेवो न घेवो, बसमध्ये सीट घेतंच. त्याच्या किमतीतून गाडी आणि गटाचे २,७०० कधीच वजा करू नका.

माणशी खर्च, आणि हाताशी थोडी रक्कम

हा भाग लवकर उरकतो. पाच जेवणं ३५० प्रमाणे १,७५०, प्रवेश तिकिटं ४५०, पाणी आणि प्रवास विमा ३००. एकूण २,५००. तिकिटांचे दर त्या स्थळाच्या अधिकृत यादीवरून घ्या, मागच्या वर्षीच्या शीटवरून नको.

वर मी माणशी २०० अनपेक्षित खर्चासाठी ठेवते. रस्ता बंद होऊन वळसा पडतो, एखादं पार्किंग दोनदा द्यावं लागतं, कोणाला बरं वाटत नाही म्हणून टॅक्सी करावी लागते. ही रक्कम मार्जिनमध्ये मिसळू नका, तिची ओळ वेगळी ठेवा. मिसळली तर टूरनंतर कळतच नाही की नफा कमी झाला तो खर्च वाढला म्हणून की किंमतच चुकली म्हणून.

आता माणशी नेट खर्च: गाडी आणि गटाचे २,७००, खोलीचे ३,६००, माणशी २,५०० आणि हाताशी २००. बरोबर ९,०००.

वीस टक्के कशावर?

साहेबांनी सांगितलं, "वीस टक्के मार्जिन धर." इंटर्न ९,००० ला १.२ ने गुणतो आणि १०,८०० लिहितो. नफा १,८००. पण १,८०० हे १०,८०० च्या वीस टक्के नाहीत, १६.६७ टक्के आहेत. खर्चावर चढवलेले वीस टक्के म्हणजे मार्कअप. विक्रीच्या किमतीतून हातात उरणारे वीस टक्के म्हणजे मार्जिन. दोन्ही शब्द ऑफिसात एकमेकांऐवजी सर्रास वापरले जातात, म्हणून ऐकणाऱ्याने विचारून घ्यायचं: खर्चावर की विक्रीवर?

विक्रीवर वीस टक्के हवे असतील तर भागाकार करावा लागतो. ९,००० भागिले ०.८० म्हणजे ११,२५०. नफा २,२५०. शीटमध्ये B12 मध्ये नेट खर्च आणि B13 मध्ये मार्जिन असेल तर सूत्र असं:

```
=B12/(1-B13)
```

माणशी ४५० चा फरक किरकोळ वाटतो. सोळा जणांवर तो ७,२०० होतो. हे कंपनीचेच पैसे होते, फक्त एका गुणाकारामुळे मागितलेच गेले नाहीत.

टूर एजंटमार्फत विकली जाणार असेल आणि त्याचं कमिशन विक्रीवर दहा टक्के असेल, तर तेही भाजकात जातं. ११,२५० वर दहा टक्के म्हणजे १,१२५, आणि ते तुमच्या २,२५० मधून गेले की नफा निम्मा झाला. वीस टक्के शिल्लक राहायलाच हवे असतील तर ९,००० भागिले ०.७०, म्हणजे १२,८५७. ऑनलाइन पैसे घेण्याचे शुल्क असेल तर तेही याच पद्धतीने, कारण तेही विक्रीच्या रकमेवर कापलं जातं. कराचं मात्र स्वतः ठरवू नका. तो पूर्ण किमतीवर लागतो की फक्त आपल्या नफ्यावर, आणि गाडीवाल्याला वा हॉटेलला दिलेला कर परत मिळतो की नाही, हे देशागणिक आणि सेवेगणिक बदलतं. अकाउंट्सला विचारा आणि त्यांनी दिलेलं उत्तर तारखेसह शीटवर लिहून ठेवा.

सवलतीचंही हेच. विक्री विभागातलं कोणी "पाच टक्के सोड ना, बुकिंग येतंय" म्हणालं तर ११,२५० चे पाच टक्के ५६२.५० होतात. किमतीतून पाच टक्के गेले, पण नफ्यातून चौथा हिस्सा गेला. हो म्हणणं किंवा नाही म्हणणं तुमचं काम नसेलही, हा आकडा समोर ठेवणं नक्कीच तुमचं आहे.

सोळा आले नाहीत तर?

माझ्या मते कॉस्टिंगचा खरा भाग इथून सुरू होतो. माणशी ९,००० हा खर्च फक्त सोळा जणांसाठी खरा आहे. खोलीचे, जेवणाचे आणि हाताशी ठेवलेले मिळून माणशी ६,३०० हे माणसाबरोबर येतात आणि माणसाबरोबर जातात. ४३,२०० मात्र जागचे हलत नाहीत. चौघांनी रद्द केलं तर उरलेल्या बारा जणांवर माणशी २,७०० ऐवजी ३,६०० पडतात. किंमत तर तुम्ही आधीच ११,२५० जाहीर केलेली असते.

खालचा तक्ता सगळे ट्विन शेअरिंगवर आहेत आणि किंमत तीच आहे असं धरून केलाय.

| पाहुणे | माणशी खर्च | माणशी नफा | एकूण नफा | मार्जिन |
|---|---|---|---|---|
| ८ | ११,७०० | -४५० | -३,६०० | तोटा |
| १२ | ९,९०० | १,३५० | १६,२०० | १२ टक्के |
| १६ | ९,००० | २,२५० | ३६,००० | २० टक्के |
| १८ | ८,७०० | २,५५० | ४५,९०० | २२.७ टक्के |
| २० (मोठी बस) | ९,०२२.५० | २,२२७.५० | ४४,५५० | १९.८ टक्के |

शेवटच्या दोन ओळी नीट बघा. अठराचे वीस पाहुणे झाले आणि एकूण नफा कमी झाला. २० आसनी बसमध्ये टूर मॅनेजर आणि सामान धरून अठराच पाहुणे नीट बसतात. आणखी दोघे घ्यायचे तर मोठी बस हवी, तिचा दर किलोमीटरला ४५ धरला तर त्याच ७५० किलोमीटरला ११,२५० जादा लागतात. दोन माणसांनी आणलेले ९,९०० त्यात गेले आणि वर १,३५० कमी पडले. मोठ्या बसचा टोल आणि पार्किंगही बहुधा जास्त असतं, ते तर मी इथे धरलेलंही नाही. तेव्हा "अजून दोघे येतायत, घेऊ का?" याचं उत्तर गाडीच्या सीट मोजल्याशिवाय देऊ नका.

टूर कितीजणांवर तगते तेही काढून ठेवा. स्थिर खर्च भागिले प्रत्येक पाहुण्यामागे उरणारी रक्कम, म्हणजे ४३,२०० भागिले (११,२५० वजा ६,३००). ४,९५० ने भागलं की ८.७३ येतात. माणसं पावणेनऊ येत नाहीत, म्हणून नऊ. नऊ जणांवर जेमतेम १,३५० उरतात, आठवर तोटा. एजंटचं कमिशन असेल तर हा आकडा आणखी वर सरकतो. बारा जणांवर माणशी १,३५० उरत होते, त्यातून कमिशनचे १,१२५ गेले की २२५ राहतात, पूर्ण टूरचे २,७००.

मग किंमत किती जणांवर काढायची? गट बंद असेल, म्हणजे एखाद्या संस्थेने सोळा जणांचं नक्की केलं असेल, तर संख्येनुसार टप्पे करून कोटेशन द्या: १० ते १२ साठी एक किंमत, १३ ते १५ साठी दुसरी, १६ ते १८ साठी तिसरी. प्रत्येक टप्प्याची किंमत त्याच्या सर्वांत लहान संख्येवर काढायची. १६ ते १८ चा टप्पा १८ वर काढलात तर सोळा आल्यावर मार्जिन खाली येतं. खुली टूर असेल, जिथे एकेक जण येऊन बुक करतो, तिथे मी कधीच भरलेल्या बसवर किंमत काढत नाही. बारा जणांवर काढते. ९,९०० भागिले ०.८० म्हणजे १२,३७५. ही किंमत बाजारात चालणार नाही असं विक्रीवाले म्हणाले तर मार्जिन कमी करण्याआधी आयटिनररी हलवून बघता येते. लहान गाडीचा पर्याय, शनिवारऐवजी साधी रात्र, किंवा एखादं जेवण पाहुण्यांवर सोडणं. आकडा का हलला हे तेव्हा सगळ्यांना दिसतं.

लहान गाडीवर कधी यायचं, तेही आधीच ठरवा. संख्या दहाच्या खाली राहिली तर मिनी बस सोडून लहान गाडी घेतली की स्थिर खर्च खाली येतो. पण गाडीवाला कोणत्या तारखेपर्यंत मोफत बदल करू देतो, आणि हॉटेल न भरलेल्या खोल्या कधीपर्यंत बिनाशुल्क सोडू देतं, या दोन तारखा शीटच्या अगदी वरच्या ओळीत हव्यात. त्या तारखेच्या दोन दिवस आधी बुकिंग मोजायचं आणि गाडी व खोल्यांचा निर्णय घ्यायचा. तारीख उलटल्यावर चौघांनी रद्द केलं आणि हॉटेलने दोन खोल्यांचे पूर्ण पैसे घेतले, तर खोलीचा खर्चही स्थिर खर्चासारखाच वागतो. म्हणून पाहुण्यांना रद्द करण्याच्या ज्या अटी देता, त्या हॉटेलच्या अटींपेक्षा दोन-चार दिवस तरी आधीच्या असाव्यात.

पाठवण्याआधी

शीट दुसऱ्या कोणाला तरी दाखवा, पण नुसती नजर टाकायला नको. त्या माणसाला फक्त आयटिनररी आणि आलेले दर द्या आणि बेरीज कोऱ्या कागदावर करायला सांगा. तुमचीच शीट वाचली तर डोळा तुमच्याच चुकीवरून घसरत जातो. पाहुण्यांची संख्या एकाच चौकटीत लिहा आणि बाकी सगळीकडे तिथूनच घ्या. मी एकदा घाईत एका चौकटीत सूत्रावर हाताने १६ टाइप केला होता. नंतर वरची संख्या १२ केली, सगळे आकडे हलले, गाडीची एक ओळ तेवढी हलली नाही, आणि कोटेशन कमी किमतीचं गेलं. तेव्हापासून पाठवण्याआधी संख्या मुद्दाम १ करून बघते. एकट्या माणसावर पूर्ण ४३,२०० आले तर सूत्रं शाबूत आहेत.

कोटेशनवर किती जणांवर किंमत आहे, ती कधीपर्यंत लागू आहे, काय धरलंय आणि काय धरलेलं नाही हे लिहा. "काय धरलेलं नाही" ही यादी मोठी असली तरी चालते. पाहुण्याला दुसऱ्या दिवशी दारात तिकीट काढायला लावण्यापेक्षा ते बरं.

टूर परत आली की शीटमध्ये अंदाजाच्या शेजारी प्रत्यक्ष खर्चाचा रकाना भरा. टूर मॅनेजरने आणलेली प्रत्येक पावती तिच्या ओळीसमोर लावा. माझ्या अनुभवात हॉटेलचा आकडा बहुधा जुळतो, फरक पडतो तो पार्किंग, जादा किलोमीटर आणि टूर मॅनेजरच्या खिशातून झालेल्या छोट्या खर्चांत. त्याच ठिकाणी तीन टूर झाल्या की माणशी २०० पुरतात की ३५० लागतात हे त्या रकान्यातून कळतं, आणि चौथ्या टूरच्या शीटमध्ये तो आकडा बदलता येतो.